प्रकल्प नोंदी: ईआरपी अपग्रेड आणि सगळ्यांना जाणारा मेल

३ नोव्हेंबर, सोमवार

अपग्रेडची तारीख पक्की झाली. शुक्रवार १४ च्या संध्याकाळी ७ पासून सोमवार १७ च्या सकाळी ७ पर्यंत ईआरपी पूर्ण बंद. एकूण साठ तास. महिन्याचा मधला आठवडा मुद्दाम निवडला आहे. अकाउंट्सचं मागच्या महिन्याचं क्लोजिंग तोवर उरकलेलं असतं, पगाराचं काम सुरू झालेलं नसतं. शिवाय शनिवार-रविवारी जे कागदावर होईल ते सोमवारी भरताना त्याच महिन्यात बसतं. महिनाअखेरीला बंद ठेवलं असतं आणि कुणी चुकून सोमवारचीच तारीख टाकली असती, तर माल एका महिन्यात आला आणि हिशेबात दुसऱ्या महिन्यात दिसला, असं झालं असतं.

माझ्याकडे कर्मचाऱ्यांना कळवण्याचं आणि सोमवारच्या भरणीचं काम आहे. मेलचा जुना साचा समोर ठेवला: ‘देखभालीसाठी सिस्टीम बंद राहील, कृपया प्रलंबित कामे पूर्ण करावीत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ यातलं मधलं वाक्य वाचून कुणालाच काही करता येत नाही. स्टोअरमधल्या माणसाचं प्रलंबित काम वेगळं, पर्चेसचं वेगळं, आणि रात्रपाळीला तर काम कधीच ‘पूर्ण’ होत नाही, ते पुढच्या पाळीकडे जातं. म्हणून आधी विभागांत फिरून विचारायचं ठरवलं: शुक्रवारी ७ वाजता तुमच्याकडे नेमकं काय अर्धवट असेल?

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर हेच केलं. अर्धवट गोष्टींचे तीन प्रकार निघाले आणि तिन्हींचं अपग्रेडमध्ये वेगवेगळं होतं.

पहिला, सेव्ह केलेली पण पोस्ट न केलेली बिलं. अकाउंट्समध्ये ही नेहमीच असतात, कारण कुठे दराची शंका असते, कुठे एखादा कागद यायचा असतो. ती पुसली जात नाहीत. पण नव्या आवृत्तीत बिलाच्या फॉर्मवर खर्चकेंद्राचा रकाना सक्तीचा झाला आहे. जुनी अर्धवट बिलं त्या रकान्याशिवाय उघडतील आणि तो भरेपर्यंत पोस्ट होणार नाहीत. म्हणजे नुकसान नाही, पण सोमवारी ढीग पडेल.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा: मंजुरीच्या वाटेवर असलेल्या पर्चेस ऑर्डर. नव्या आवृत्तीत मंजुरीचा मार्ग नव्याने बांधला आहे. चाचणीच्या सर्व्हरवर आम्ही पाहिलं, की जुन्या मार्गावर निघालेली ऑर्डर अपग्रेडनंतर ना पाठवणाऱ्याकडे परत येते, ना मंजुरी देणाऱ्याच्या यादीत दिसते. स्थिती मात्र ‘मंजुरीसाठी पाठवली’ अशीच राहते. पाठवणारा वाट पाहतो, साहेबांना वाटतं आपल्याकडे काहीच बाकी नाही, आणि पुरवठादार विचारतो तेव्हा उलगडा होतो. उपाय एकच, ती रद्द करून पुन्हा पाठवणं. त्यापेक्षा बंद होण्याआधी मंजूर करा, नाहीतर परत घ्या.

तिसरा, गेटमधून आत आलेला पण सिस्टीममध्ये न चढलेला माल. हा सिस्टीमला माहीतच नसतो, त्यामुळे अपग्रेडची चाचणी कितीही चोख असली तरी तो सापडत नाही. स्टोअरप्रमुख म्हणाले, “आमच्याकडे गाड्या तुमचं वेळापत्रक वाचून येत नाहीत.” बरोबर आहे. शनिवारी एक पाळी चालणार आहे, माल येणार, लाइनला जाणार. या मेलचा सगळ्यात मोठा भाग त्यांच्यासाठी असला पाहिजे, असं तिथेच ठरलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तांत्रिक टीमबरोबर वेळा बसवल्या. रंगीत तालमीत बॅकअपला ३ तास, अपग्रेड आणि डेटा रूपांतराला २२ तास आणि टीमच्या तपासण्यांना ८ तास लागले. एकूण ३३. शुक्रवारी ७ ला सुरू केलं तर रविवारी पहाटे ४ ला संपतं. काही बिघडलंच तर जुना बॅकअप परत चढवायला ८ तास आणि तो तपासायला ३ तास. म्हणून पुढे जायचं की मागे फिरायचं, हा निर्णय रविवारी दुपारी २ ला. त्या वेळी मागे फिरलो तरी रात्री १ ला जुनी सिस्टीम उभी राहते आणि हाताशी सहा तास उरतात.

लगेच प्रश्न आला, की रविवारी पहाटे काम संपणार असेल तर मेलमध्ये ‘रविवारी सुरू होण्याची शक्यता’ असं लिहायचं का? मी ठाम नाही म्हणालो. शक्यता लिहिली, की माणसं रविवारी लॉगिन करून पाहतात, आणि यात केवळ निराशेचा प्रश्न नाही. निर्णय होईपर्यंत बॅकअपकडे परतण्याची वाट मोकळी असते. त्या आधी एखाद्याने नव्या सिस्टीममध्ये खरी नोंद केली आणि मग आम्हाला मागे फिरावं लागलं, तर ती नोंद बॅकअपमध्ये नसणारच. ती गेली, आणि गेली हे कुणाला कळणारही नाही. म्हणून सगळ्यांचे लॉगिन सोमवारी सकाळपर्यंत बंद राहतील आणि ‘सिस्टीम उघडली’ असा वेगळा मेल येईल तेव्हाच काम सुरू करायचं.

वेळांबाबत आणखी दोन गोष्टी ठरल्या. ‘शुक्रवारी रात्री १२’ असं काही लिहायचं नाही. काहींना ती गुरुवार उलटतानाची वेळ वाटते, काहींना शुक्रवार उलटतानाची. दुसरं म्हणजे मंजुरीसाठी एकच मुदत देऊन चालणार नाही. ऑर्डर पाठवणारा आणि मंजूर करणारा दोघांना ‘शुक्रवार संध्याकाळ’ दिली, तर पाठवणारे सगळं साडेपाचला पाठवतील आणि मंजूर करणारा सहाला घरी गेलेला असेल. पाठवणाऱ्यांना गुरुवार संध्याकाळ ५, मंजूर करणाऱ्यांना शुक्रवार दुपार २.

स्टोअरप्रमुखांची मागणी होती शिल्लक मालाच्या छापील यादीची. ती गुरुवारी छापली तर शुक्रवारच्या दिवसभराच्या उलाढालीने शिळी होते. म्हणून टीमकडून एक तास मागून घेतला: ६ वाजता नवीन नोंदी बंद, ६ ते ७ फक्त पाहायला आणि छापायला उघडी, ७ ला पूर्ण बंद. या तासात निघालेली यादीच खरी. त्यानंतर आकडा हलतच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेल गेला. मजकूर इथे ठेवतो.

> विषय: ईआरपी बंद – शुक्रवार १४ नोव्हेंबर सायं. ६ ते सोमवार १७ नोव्हेंबर सकाळी ७ – त्याआधी आणि नंतर काय करायचं
>
> सहकाऱ्यांनो,
>
> नवीन आवृत्ती बसवण्यासाठी ईआरपी शुक्रवार १४ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजता नव्या नोंदींसाठी बंद होईल. ६ ते ७ फक्त पाहता आणि छापता येईल. ७ वाजल्यापासून सोमवार १७ नोव्हेंबरच्या सकाळी ७ पर्यंत ती पूर्ण बंद असेल. मोबाइलवरचं ॲप, पुरवठादार-ग्राहकांचं पोर्टल आणि ईआरपीतून आपोआप जाणारे रिपोर्टही या काळात बंद. ईमेल, फोन आणि सामायिक फोल्डर नेहमीसारखे चालू राहतील.
>
> बंद होण्याआधी
>
> पर्चेस ऑर्डर किंवा खर्चाची मागणी मंजुरीला पाठवायची असेल तर गुरुवार १३ च्या सायं. ५ पर्यंत पाठवा. मंजुरी देणाऱ्यांनी शुक्रवार १४ च्या दुपारी २ पर्यंत आपली यादी रिकामी करावी. २ नंतर जी ऑर्डर मंजूर झालेली नसेल ती पाठवणाऱ्याने स्वतः परत घ्यावी आणि सोमवारी पुन्हा पाठवावी. वाटेत राहिलेली ऑर्डर अपग्रेडनंतर कुणाच्याच यादीत दिसणार नाही.
>
> अकाउंट्स: सेव्ह केलेली बिलं शक्य तितकी पोस्ट करा. जी राहतील त्यांना सोमवारी खर्चकेंद्र भरावं लागेल.
>
> स्टोअर आणि डिस्पॅच: शुक्रवारी ६ पर्यंत हलवलेला सगळा माल ६ च्या आत चढवा. ६ ते ७ मध्ये शिल्लक मालाची आणि बाकी ऑर्डरची यादी छापून घ्या. ६ नंतर आलेला, दिलेला किंवा पाठवलेला माल फक्त क्रमांक छापलेल्या स्लिपवर लिहा. स्लिप फक्त स्टोअरच लिहील. गेटवर नेहमीचं गाडी-रजिस्टर भरायचं, स्लिप नाही.
>
> स्वतःच्या रिपोर्टचे रकाने आणि फिल्टर जमवून सेव्ह केले असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ते नव्या आवृत्तीत येतीलच अशी खात्री नाही.
>
> बंद असताना
>
> लॉगिन करून पाहू नका. तातडीची अडचण असल्यास आपल्या पाळीप्रमुखांना सांगा, त्यांच्याकडे प्रकल्प टीमचा नंबर आहे.
>
> सुरू झाल्यावर
>
> सोमवारी सकाळी आमचा ‘ईआरपी उघडली’ असा मेल आल्यावरच काम सुरू करा. पत्ता आणि पासवर्ड तेच आहेत. पान जुनंच दिसलं तर Ctrl+F5 दाबा. विभागप्रमुख आधी आकडे जुळवतील, त्यानंतरच स्लिप भरल्या जातील. स्लिप भरताना तारीख माल हलला त्या दिवसाची टाका आणि संदर्भाच्या रकान्यात स्लिपचा क्रमांक लिहा.
>
> या कामासाठी आम्ही कुणाचाही पासवर्ड मागणार नाही आणि लॉगिनची लिंक पाठवणार नाही. असा मेल आला तर तो आमचा नाही. उघडू नका आणि कळवा.

शेवटचा परिच्छेद मी आग्रहाने ठेवला. सगळ्या ऑफिसला ‘नवी सिस्टीम, नवं पान’ अशी अपेक्षा असते, त्याच आठवड्यात खोट्या लॉगिनच्या पानावर पासवर्ड टाकणं सर्वांत सोपं असतं. आमच्या मेलमध्ये लिंकच नाही म्हटल्यावर ओळख पटवणं सोपं जातं. ईआरपी नेहमीच्या बुकमार्कवरून उघडते, लिंकची गरजही नाही.

विषयाच्या ओळीत ६ लिहिलं, ७ नाही, यावर टीममध्ये थोडी चर्चा झाली. तांत्रिकदृष्ट्या सिस्टीम ७ ला बंद होते, पण काम करणाऱ्याला ती ६ ला बंद आहे. वाचणाऱ्याच्या बाजूची वेळ लिहायची.

१० नोव्हेंबर, सोमवार

उत्तरं आली. बहुतेक प्रश्नांची उत्तरं मेलमध्येच होती आणि त्यात वावगं काही नाही. प्रत्येकाला त्याच्या भागापुरतं उत्तर दिलं. एक प्रश्न मात्र मौल्यवान होता. डिस्पॅचमधून विचारलं, की शनिवारी माल पाठवताना गाडीबरोबर द्यायचं चलन सिस्टीममधून निघतं, ते कशावर द्यायचं? ठरलं असं: शनिवारी जाणाऱ्या ठरलेल्या गाड्यांची चलनं शुक्रवारी ६ च्या आत काढून ठेवायची. आयत्या वेळच्या गाडीला छापील चलनबुक, आणि त्याचा क्रमांक स्लिपवर.

मोठा मुद्दा पोहोचण्याचा आहे. ‘सर्व कर्मचारी’ या मेल यादीत गेटवरचे कंत्राटी सुरक्षारक्षक नाहीत, लाइनवरच्या बहुतेकांना ऑफिसचा मेलच नाही, आणि शनिवारच्या पाळीचे निम्मे लोक याच दोन गटांतले. ज्यांच्यावर कागदाचा सगळा भार आहे, त्यांच्यापर्यंतच मेल जात नाही. त्यांच्यासाठी मेलमधला स्टोअरचा परिच्छेद तेवढा मोठ्या अक्षरात एका पानावर छापला. एक गेटवर, एक स्टोअरच्या खिडकीपाशी, एक माल उतरवण्याच्या धक्क्यावर. पाळीप्रमुखांना पाळी बदलताना तो वाचून दाखवायला सांगितलं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्टोअरमध्ये स्लिपची तालीम केली. स्लिपवर सुरुवातीला रकाने फार होते. उभ्या उभ्या लिहिणाऱ्याला झेपतील एवढेच ठेवले: छापलेला क्रमांक, तारीख आणि वेळ, आला की गेला, मालाचा कोड, नग, ऑर्डर किंवा चलन क्रमांक, सही. कोडचं अक्षर न लागल्यास सोमवारी पंचाईत होते, म्हणून नेहमीच्या मालाचे कोड छापील यादीतूनच पाहून लिहायचे.

क्रमांक आधी छापलेला असणं ही यातली कळ आहे. पुस्तकात भ-०१ ते भ-५० अशा स्लिपा आहेत. सोमवारी भ-१४ नंतर थेट भ-१६ दिसली तर भ-१५ कुठेतरी आहे हे समजतं. कोऱ्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी हरवली तर ती होती हेही कळत नाही. चुकलेली स्लिप फाडायची नाही, ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायची.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आठवणीचा मेल सकाळी ९ ला पाठवला. तीनच ओळी: आज ५ पर्यंत मंजुरीला पाठवा, उद्या २ पर्यंत मंजूर करा, उद्या ६ ला नोंदी बंद. सगळा जुना मजकूर पुन्हा चिकटवला नाही. लांब मेल दुसऱ्यांदा आला की लोक तो ‘वाचलेला’ समजून सोडून देतात. संध्याकाळी मंजुरीच्या यादीचा रिपोर्ट काढला आणि ज्यांच्याकडे ऑर्डर अडकल्या होत्या त्यांना एकेकाला फोन केले. मेलने जे होत नाही ते अशा फोनने होतं. शिवाय कुणाला फोन करायचा हे सिस्टीम आज सांगू शकते, उद्या रात्री नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

२ वाजता मंजुरीच्या वाटेवर थोड्या ऑर्डर उरल्या. त्या पाठवणाऱ्यांकडून परत घेववल्या. ६ ला नोंदी बंद. ६ ते ७ मध्ये तीन विभागप्रमुखांनी आपापले आकडे लिहून सह्या केल्या: पर्चेसने उघड्या ऑर्डरची संख्या, स्टोअरने एकूण साठ्याचं मूल्य, अकाउंट्सने येणं आणि देणं. सोमवारी हेच आकडे नव्या सिस्टीममध्ये दिसले पाहिजेत, एकही कमी-जास्त नाही, कारण मधे कुणी काही केलेलंच नसणार.

स्टोअरने यादी छापली. बेअरिंगच्या एका कोडसमोर शिल्लक १२० नग. हा आकडा मुद्दाम इथे लिहितो, कारण ६:४० ला त्याच बेअरिंगची गाडी गेटवर आली. ४०० नग. नोंदी बंद झालेल्या, पाहणं चालू. स्टोअरने न गडबडता भ-०३ स्लिप लिहिली आणि माल आत घेतला.

७ वाजता पूर्ण बंद. बाहेरून येणारे संदेश, म्हणजे पोर्टलवरच्या ग्राहकांच्या ऑर्डरी आणि बँकेच्या फायली, रांगेत थांबवून ठेवले आहेत. आपोआप चालणारे सगळे जॉब हाताने थांबवले. बॅकअप सुरू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रूपांतर चालू, तालमीपेक्षा जरा हळू. स्टोअरमध्ये दुपारी चक्कर मारली. लाइनला ३०० बेअरिंग दिली, स्लिप भ-०९. छापील यादीवर त्यांनी पेन्सिलने १२० + ४०० − ३०० = २२० असं लिहून ठेवलं होतं. पाहून बरं वाटलं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी २ ची बैठक. रूपांतर सकाळी संपलं होतं, तपासण्या बैठकीच्या अर्धा तास आधी संपल्या. एक अडचण होती: लेबल छापणारे प्रिंटर नव्या आवृत्तीत जोडले गेले नव्हते. कागदावर लेबल लिहून एक दिवस निभावता येतं, हिशेबाला धक्का लागत नाही, म्हणून हे मागे फिरण्याचं कारण नाही असं ठरलं. पुढे जायचा निर्णय झाला. प्रिंटर संध्याकाळी जोडले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ६ ला विभागप्रमुखांचे तेवढे लॉगिन उघडले. शुक्रवारच्या सह्यांचे कागद समोर घेऊन तिन्ही विभागांचे आकडे पाहिले. जुळले. हा क्रम पाळणं महत्त्वाचं होतं. स्लिपा आधी भरल्या असत्या तर साठ्याचं मूल्य बदललं असतं, आणि मग फरक स्लिपांमुळे आहे की रूपांतरामुळे, हे वेगळं करता आलं नसतं.

७ ला ‘ईआरपी उघडली’ मेल पाठवला. विषयात तेवढंच, आत चार ओळी: उघडली आहे, पान जुनं दिसल्यास Ctrl+F5, स्लिपा फक्त स्टोअर भरेल, अडचण आल्यास कुठे कळवायचं. रांगेत थांबवलेले संदेश मात्र लगेच सोडले नाहीत. आधी स्लिपा, मग रांग, असं ठरलं होतं. नाहीतर पोर्टलवरच्या ऑर्डरी, प्रत्यक्षात शनिवारीच लाइनला गेलेला माल शिल्लक समजून स्वतःसाठी राखून ठेवतात.

भरणीचा नियम: आधी सगळ्या आवकच्या स्लिपा, मग सगळ्या जावकच्या. दोन्ही गटांत क्रमांकाने. कारण बेअरिंगवरच दिसतं. शिल्लक १२०. भ-०९ आधी भरली, म्हणजे ३०० दिले, तर सिस्टीम १८० कमी पडतात म्हणून नोंद घेत नाही. घाईतला माणूस मग १२० ची एक नोंद करतो आणि उरलेले १८० नंतर करू म्हणतो. ते ‘नंतर’ राहून जातं. भ-०३ आधी भरली तर ५२० होतात, त्यातून ३०० वजा होऊन २२० उरतात.

सगळ्या स्लिपा भरून झाल्यावर मोजणी केली. बेअरिंग कपाटात २२०, सिस्टीममध्ये ६२०.

फरक बरोबर ४०० चा. असा गोल, एखाद्या आवकीएवढा फरक दिसला की आधी दुहेरी नोंद शोधावी. मोजणीतली चूक सहसा इतकी नेमकी येत नाही. आणि सिस्टीममध्ये माल कपाटापेक्षा कमी दिसला असता, तर भरायची राहिलेली आवक-स्लिप शोधली असती. संदर्भाच्या रकान्यावरून त्या कोडच्या नोंदी काढल्या. एका ओळीत भ-०३, दुसरीत भ-०३ नाही, थेट पुरवठादाराचा चलन क्रमांक. म्हणजे दुसरी नोंद स्लिपवरून झालेली नाही. तपास केला तेव्हा कळलं, की शुक्रवारी संध्याकाळी गेटवर नेहमीचे रक्षक नव्हते, बदली माणूस होता. त्याने चलनाची प्रत स्टोअरच्या ट्रेमध्ये ठेवली, नेहमीच्या दिवशी ठेवतात तशीच. सोमवारी सकाळच्या पाळीने ट्रेमधलं चलन पाहून, रोजच्या सवयीने, माल चढवला. कुणीही आपल्या रोजच्या कामाबाहेर काही केलं नव्हतं. चलनावर ‘स्लिप भ-०३’ असं लिहिलेलं असतं तर प्रश्नच आला नसता.

चलन क्रमांकाची नोंद उलटी केली, पुसली नाही, म्हणजे मागाहून पाहणाऱ्याला दोन्ही ओळी दिसतील. २२० जुळले. ११ ला रांग सोडली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आता लहान गोष्टी. सेव्ह केलेले फिल्टर काहींचे आले, काहींचे नाही. स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनी ते दहा मिनिटांत पुन्हा जमवले. सकाळी आपोआप येणारा विक्रीचा रिपोर्ट आला नाही, कारण शुक्रवारी थांबवलेल्या जॉबपैकी तो एक परत चालू करायचा राहिला होता. थांबवलेल्या जॉबची यादी आणि आत्ता चालू असलेल्यांची यादी शेजारी ठेवून तपासली, आणखी काही निघालं नाही. अकाउंट्समध्ये खर्चकेंद्र भरण्याचं काम चालू आहे.

मंजुरीच्या वाटेवर लटकलेली ऑर्डर शोधायला रिपोर्ट चालवला. ‘मंजुरीसाठी पाठवली’ अशी स्थिती आणि तारीख १४ नोव्हेंबर किंवा आधीची. एकही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

स्लिपपुस्तक अकाउंट्सकडे जमा केलं. वापरलेल्या सगळ्या स्लिपांवर सिस्टीमचा नोंद क्रमांक लिहिलेला आहे, रद्द केलेल्या पुस्तकातच आहेत, उरलेल्या कोऱ्या स्लिपांवर आडवी रेघ मारून सही घेतली.

पुढच्या वेळच्या मेलच्या मसुद्यात तीन बदल आत्ताच करून ठेवले. स्टोअरच्या परिच्छेदात एक वाक्य जोडलं: स्लिप लिहिली की त्याच मालाच्या चलनावर स्लिपचा क्रमांक लिहा आणि चलन ट्रेमध्ये न ठेवता स्लिपपुस्तकात टाचा. छापील पान गेटच्या भिंतीवर तर लावायचंच, शिवाय गाडी-रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवायचं. बदली माणूस भिंत वाचेल न वाचेल, रजिस्टर त्याला उघडावंच लागतं. आणि सुरक्षा पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाचा पत्ता प्रकल्पाच्या मेल यादीत घातला.